होनमाळच्या तळ्याचं रेकॉर्डिंग

हेमावतीच्या हातून चुकीचा बेडूक कधी पुढे जात नाही, असं ऑफिसात सगळे म्हणायचे, आणि ते खरंही होतं.

ऑफिस सोलापुरात, विजापूर रोडवर, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, चार संगणक आणि भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा. माळरानातल्या पक्ष्यांचा आणि बेडकांचा अभ्यास करणारी ही छोटी संस्था. हेमावती तिथे सहा वर्षं होती. वय अडतीस. पद्मशाली घरातली, पूर्वभागात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली. वडिलांनी तीस वर्षं टॉवेलचे माग चालवले आणि त्यात त्यांचे कान गेले. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, ओठ हलवत, मोठ्यानं तेलुगूत बोलावं लागे. लग्न मोडून ती परत आली तेव्हापासून घरात दोघंच होते. बी.एस्सी. झालेली होती, पण नोकऱ्या मिळाल्या त्या बिलं टाइप करण्याच्या. ही एकच नोकरी तिला आवडली.

काम असं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या बाजूच्या नऊ तळ्यांकाठी बाभळीला तळहाताएवढी रेकॉर्डिंग यंत्रं बांधायची. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, पाच मिनिटं रेकॉर्डिंग आणि दहा मिनिटं विश्रांती, असं ती यंत्रं आपोआप चालत. दर दोन आठवड्यांनी अजिनाथ मोटरसायकलवरून फिरून बॅटऱ्या बदलायचा आणि कार्डं आणून द्यायचा. चार महिन्यांत चार हजारांहून जास्त तासांचा आवाज जमा व्हायचा. रोज आठ तास ऐकलं तरी तो वर्षभरात संपला नसता. म्हणून तो संगणकाला ऐकवायचा. संगणक आवाजाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करी आणि प्रत्येक तुकड्याला शून्य ते एकच्या मधला आकडा देई. पॉइंट आठच्या वर आकडा गेला की तिथे बेडूक आहे असं धरायचं. त्याखालचं सगळं बाजूला.

संगणक फसायचा. पाण्याच्या मोटारीच्या ठकठकीला बेडूक म्हणायचा, रातकिड्याला बेडूक म्हणायचा. एकदा तर लांबच्या देवळातल्या टाळांनाही त्यानं बेडूक ठरवलं होतं. हेमावती हेडफोन लावून बसायची, पडद्यावर आवाजाचं चित्र बघायची आणि असे खोटे बेडूक एकेक करून काढून टाकायची. प्रकल्पाचे प्रमुख दिग्विजय सर पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या यादीत जो बेडूक आहे, तो हेमावतीनं स्वतः ऐकलेला असतो."

त्या वर्षी मुख्य काम होतं मातीबेडकाचं. हा जाडजूड बेडूक उन्हाळाभर कोरड्या तळ्याच्या मातीत स्वतःला पुरून घेतो आणि पाऊस पडला की वर येऊन ओरडतो. नऊ तळ्यांपैकी काहींचा गाळ एक ट्रस्ट काढून देणार होता. कुठल्या तळ्याला हात लावायचा नाही, ते संस्थेनं सांगायचं होतं. दर रात्री किती हाका सापडल्या, त्यावरून तळ्यांचा क्रम लावला. डिसेंबरात अहवाल गेला. होनमाळचं तळं शेवटचं आलं. रात्रीला सरासरी सात हाका. बाकीच्या तळ्यांवर शंभर-दीडशे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या एका विद्यार्थिनीनं शिकण्यासाठी कच्चं रेकॉर्डिंग मागितलं. संगणकाला ज्यात काही सापडलं नाही असं, रिकामं रेकॉर्डिंग हवं होतं. होनमाळचं जुलैमधलं एखादं देऊ, असं म्हणून हेमावतीनं अकरा जुलैची फाइल उघडली आणि सहज कानाला लावली.

तिनं हेडफोन झटक्यात काढले.

आवाज कमी करून पुन्हा लावले. तळं नुसतं ओरडत होतं. एक बेडूक नव्हता, दहाही नव्हते. कुठली हाक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, तेच कळत नव्हतं. पडद्यावर एकट्या बेडकाची हाक सुट्या उभ्या रेघांसारखी दिसते. इथे रेघा नव्हत्याच. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग जाड पट्टा होता.

तिनं त्या रात्रीचे आकडे काढले. पॉइंट तीन. पॉइंट चार. पॉइंट पस्तीस. शेकडो तुकडे, आणि पॉइंट आठच्या वर फक्त सहा.

तिला कळायला वेळ लागला नाही. संगणकाला शिकवलं होतं ते एकेकट्या, स्वच्छ हाकांवरून. शेकडो बेडूक एकदम ओरडले की हाका एकमेकींत मिसळतात आणि त्याला त्यातलं काहीच ओळखता येत नाही. जिथे बेडूक सगळ्यात जास्त, तिथे त्याला ते सगळ्यात कमी दिसले होते. आणि तिनं? संगणकानं बेडूक म्हटलेलं सगळं तपासलं होतं. संगणकानं नाही म्हटलेलं तिनं एकदाही ऐकलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिला आठवली. ऑगस्टमध्ये कार्ड देताना अजिनाथ म्हणाला होता, "ताई, होनमाळला लई गलका हाय बगा. शेजारी हुबा राहून बोललं तरी ऐकू यीना." ती म्हणाली होती, "बघू की मशीनमध्ये." नंतर सात हा आकडा पाहून तिला वाटलं होतं, हा माणूस जरा वाढवूनच सांगतो.

दिग्विजय सरांनी फाइल ऐकली. मग तीच पुन्हा पहिल्यापासून लावली.

"एकाच रात्रीचं असेल," शेवटी ते म्हणाले.

"असेल. पण मला माहीत नाही सर. तेच तर. कुणालाच माहीत नाही."

"अहवाल जाऊन चार महिने झाले, हेमावती."

"मग तपासून तरी बघू. प्रत्येक तळ्याचे नाही म्हटलेले साठ तुकडे तुम्ही काढा, पावसाळी रात्रींचे. कुठलेही, न निवडता. नावं बदलून मला द्या. कुठलं तळं ते मला कळता कामा नये."

दोन दिवस ती पाचशे चाळीस तुकडे, एकेक पुन्हा पुन्हा लावून, ऐकत बसली. घरी गेल्यावरही कानात तेच. वडिलांनी ताट पुढे सरकवत विचारलं, "काय झालं?" तिनं नुसती मान हलवली. त्यांच्यासमोर ओरडून सांगावी अशी ही गोष्ट नव्हती.

तिसऱ्या दिवशी सरांनी खरी नावं लावली. आठ तळ्यांवर साठातले चार-पाच तुकडे असे निघाले, ज्यात बेडूक होता आणि संगणकाला सापडला नव्हता. होनमाळला एक्केचाळीस निघाले.

सरांनी तिच्यासमोरच ट्रस्टच्या माणसाला फोन लावला. फोनवर ते "हो... हो..." म्हणत राहिले. मग फोन खाली ठेवून म्हणाले, "होनमाळचं काम सहा दिवसांपूर्वी सुरू झालंय. यादीत सगळ्यात कमी महत्त्वाचं म्हणून पहिलं तेच घेतलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं जीपनं होनमाळला गेली. अजिनाथ आधीच येऊन थांबला होता. तळं कोरडं होतं आणि त्यातला अर्ध्याहून जास्त भाग खणून झाला होता. जेसीबी काळी माती उचलून ट्रॉलीत टाकत होता. काठावर बगळ्यांची रांग होती. कोरड्या तळ्यात बगळे कशाला, असं हेमावतीला क्षणभर वाटलं, आणि मग तिनं बघितलं. ताज्या ढेकळांतून ते काहीतरी टिपत होते.

अजिनाथनं एक ढेकूळ फोडलं. आत मुठीएवढा बेडूक होता, अंग चोरून बसलेला, मातीच्याच रंगाचा, जिवंत. शेजारच्या ढेकळातला मधोमध कापला गेला होता.

"पैल्या दिशीपासनं निगत्यात," अजिनाथ खाली बघत म्हणाला. "मला वाटलं, तुमी बगून ठरिवलंय."

हेमावतीनं खाली बसून दुसरं ढेकूळ उचललं.

ट्रॉलीपाशी केराबाई उभी होती. तिची चार एकर जमीन तळ्याला लागूनच. काम थांबवायचं म्हटल्यावर ती पुढं आली.

"का वं थांबवायचं? बारा वरसांनी माती मिळतीया. माजं रान निस्तं मुरमाड हाय."

दिग्विजय सर परवानगी, अहवाल असं काही बोलू लागले. हेमावतीनं त्यांना थांबवलं.

"आजी, चूक माझी आहे," ती म्हणाली. "या तळ्यात बेडूक नाहीत असं मी लिहून दिलं. आहेत. जिल्ह्यात आम्ही बघितलेल्या तळ्यांत सगळ्यात जास्त इथंच असतील."

"बेडकं हायती ते आमाला ठावं हाय की. इचारलं कुनी?"

"नाही विचारलं."

केराबाईनं ट्रॉलीकडं बोट केलं. "आन् आता माती न्हाय मिळायची व्हय?"

"उरलेल्या भागातली नेऊ नका. काढून ठेवलेली सगळी न्या."

वाद दुपारपर्यंत चालला. गावातली चार माणसं जमली. कुणी चिडलं, कुणी हसलं. शेवटी ट्रस्टच्या माणसानं फोनवरून सांगितलं, की उत्तरेकडचा भाग राहू द्या, मशीन दुसऱ्या गावाला पाठवतो. केराबाईला दोन ट्रॉल्या कमी मिळाल्या. अजिनाथ आणि हेमावती संध्याकाळपर्यंत ढेकळं फोडत राहिले. जिवंत निघाले ते एकोणतीस बेडूक न खणलेल्या भागात, सावलीच्या बाजूला, ओलसर माती उकरून ठेवले. त्यातले किती जगतील, हे सरांनाही सांगता आलं नाही. आधीच शेतांत पसरलेल्या मातीचं तर काही करताच येणार नव्हतं.

सुधारित अहवाल लिहिताना दोघांचं वाजलं. सरांनी लिहिलं होतं, "तांत्रिक मर्यादांमुळे काही नोंदी सुटल्या असण्याची शक्यता आहे."

"सर, मर्यादा संगणकाची होती. न तपासणं आपलं होतं."

"असं लिहिलं तर पुढचं काम कोण देईल आपल्याला?"

"ते मला माहीत नाही. पण दुसरं कुणीतरी हाच संगणक वापरून असंच तळं ठरवत असेल."

तिचं वाक्य राहिलं. 'संगणकाने नाकारलेले तुकडे तपासले गेले नव्हते.' खाली तपासणाऱ्याचं नाव, हेमावतीचं. ट्रस्टनं पुढच्या वर्षीचं सर्वेक्षण दुसऱ्या संस्थेला दिलं.

होनमाळचं यंत्र मात्र संस्थेनं स्वतःच्या हिमतीवर तिथंच ठेवलं. जूनमध्ये पाऊस उशिरा आला आणि कमी आला. जुलैच्या शेवटी अजिनाथनं कार्ड आणून दिलं. आता हेमावती फक्त सापडलेले तुकडे ऐकत नव्हती. दर रात्रीचे न सापडलेले ठराविक तुकडेही ऐकायचे, असा तिनं नियमच केला होता.

बेडूक होते. उत्तरेच्या बाजूनं हाका येत होत्या, सुट्या, एकेक मोजता येण्याजोग्या. संगणकानं त्या भराभर ओळखल्या. रात्रीला एकशे दहा. मागच्या वर्षीच्या सातच्या कितीतरी पट.

दिग्विजय सर आकडा बघून म्हणाले, "कागदावर तर वाढलेत."

हेमावतीनं हेडफोन त्यांच्या हातात दिले. मागच्या वर्षीचा सलग गलका त्यात कुठेच नव्हता. पाऊस कमी म्हणून बेडूक कमी, की माती गेली म्हणून कमी, हे एका वर्षात कळणार नव्हतं. तिनं तक्त्यात एकशे दहा लिहिलं, त्यापुढे टीप लिहिली की हा आकडा मागच्या वर्षीशी जोडून वाचू नये, आणि पुढची फाइल उघडली.