दोन आकड्यांचा भाव

कापसाची ती वाईट वर्षं होती. ज्यांच्या गोठ्यात बैलजोडीशिवाय काही नसायचं, त्यांच्याकडेही सरकारी योजनेतून म्हशी आल्या होत्या. मोर्शी रस्त्यावरच्या आमच्या गावात दूध संस्था निघाली आणि बी.एस्सी. होऊन घरी बसलेला मी तिथे दूध तपासायला लागलो.

सुरुवातीला भाव फक्त फॅटवर होता. दूध आणि ॲसिड काचेच्या नळीत घालायचं, नळी यंत्रात फिरवायची आणि मानेत चढलेली पिवळी रेघ वाचायची. बहुतेकांच्या म्हशीचं फॅट सहाच्या वर लागायचं. मशिदीमागे राहणाऱ्या चाचीचं मात्र पाचही भरत नव्हतं. तिचा नवरा बडनेऱ्याला रेल्वेत होता. म्हैस ती एकटीच सांभाळायची. रांगेतले लोक कुजबुजायचे, पाणी टाकते म्हणून. मलाही तेच वाटलं, आणि एक दिवस मी अध्यक्षांना तसं सांगूनही टाकलं.

पुढे शीतकरण केंद्राने भावाचा नवा तक्ता पाठवला. आता फॅटबरोबर एसएनएफही मोजायचा होता. अध्यक्ष म्हणाले, "लोकाइले काही समजून नाही राहिलं. उद्या सकाळच्या दुधानंतर तूच सांग."

त्या सकाळी मी पहिल्यांदाच चाचीच्या दुधात लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाचा घट्टपणा दाखवणारी तरंगती काच, सोडला. फॅट चार पूर्णांक आठ होतं, पण एसएनएफचा हिशेब नऊ पूर्णांक एक आला; म्हशीच्या दुधाला नऊ लागतो. मी पुन्हा करून पाहिला. तेवढाच आला.

पंचवीसेक माणसं कॅन बाजूला ठेवून बसली होती. मी बोलायला उभा राहिलो.

"दुधात पाणी तं असतेच," मी म्हणालो. "पाणी सोडून जे उरते त्याचे दोन भाग. एक फॅट, म्हणजे लोणी, तूप. दुसरा एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून राहिलेला सारा घट्ट भाग: प्रथिनं, साखर, क्षार. तक्त्यावर फॅटची ओळ पाहाची, एसएनएफचा रकाना पाहाचा. दोन्ही जिथं भेटतात तो तुमचा भाव."

मग घरचं दूध एका उंच भांड्यात ओतून त्यात लॅक्टोमीटर सोडला आणि वरून पाणी घातलं. काच हळूहळू खाली बुडत गेली.

"पाणी टाकलं की दूध पातळ होते. फॅटही उतरते, एसएनएफही उतरतो. फॅट कमी आणि एसएनएफ बरोबर असला, तं ते पाणी नाही." मी दाराकडे पाहिलं. चाची दाराजवळ बसली होती. "चाचीचा एसएनएफ आज नऊच्या वर आहे. मलेही पाणीच वाटलं होतं. मी चुकलो."

 मग मागच्या एका काकांनी विचारलं, "मंग साय काढत असन?"

प्रश्न बिनतोड होता. साय काढलेल्या दुधाचेही आकडे असेच येतात. 

चाची तिथूनच म्हणाली, "उद्या या घरी. धार काढतानी पाहा."

दुसऱ्या दिवशी मी आणि ते काका गेलो. तिने वगारीला, म्हशीच्या पारडीला, आधी प्यायला सोडलं, म्हशीने पान्हा सोडल्यावर वगारीला बाजूला बांधलं आणि धार काढली. कासेत बरंच दूध असताना ती उठली आणि उरलेलं सगळं वगारीला पाजायला निघाली.

"शेवटचं काहून सोडता?" मी विचारलं.

"लेकरू हाय ना तिचं."

मी वाटीत त्या शेवटच्या धारा मागून घेतल्या. सगळ्यात जास्त फॅट त्यातच असतं, हे मी कॉलेजात वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. चाची कॅन घेऊन संस्थेत आली तेव्हा ते तिच्यासमोर तपासलं; नळीतली फॅटची रेघ नऊच्या वर गेली. काकांनी ती उजेडात धरून दोनदा पाहिली.

"चाची," ते म्हणाले, "एक सड वगारीले ठेवत जा पुरा. बाकीचे तीन शेवटच्या थेंबापर्यंत काढा."

तिने तसं केलं. चार-पाच दिवसांत तिचं फॅट साडेसहाच्या आसपास स्थिरावलं आणि भाव तक्त्यात वर सरकला. वगारही ठणठणीत राहिली.

एकदा रांग संपल्यावर मी तिला सांगितलं, की अध्यक्षांकडे तक्रार मीच केली होती.

"माहीत हाय. त्याच्या बायकोनं तवाच सांगतलं."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"बोलून काय होते? नळी तं तुह्या हातात होती."

ती रागावून म्हणाली नाही. कॅन उचलून ती निघाली, आणि मी ॲसिडच्या नळ्या धुवायला बसलो.