पंचवीसवर थांबू नकोस

एकापासून एकशेतीसपर्यंतचे सगळे आकडे एकमेकांना गुणत गेलात, तर जो राक्षस उभा राहील त्याच्या शेपटीला शून्यं किती? बोला. गुणायला बसू नका, जन्म जाईल. आणि ‘आम्हाला काय करायचंय’ असंही म्हणू नका, कारण एका पोरीची नोकरी सध्या असल्याच एका शेपटीला लटकली आहे.

एकतीस म्हणालात? मग तुम्ही घाटकोपरच्या डोंगरावर चेतनाताईकडे शिकला असणार. तिची सगळी पोरं एकतीसच म्हणायची. छाती ठोकून.

चेतनाचा बाप परभणीकडून आला आणि रस्त्यांच्या कामावर खपला. तिचं कॉलेज अर्ध्यात सुटलं, पण गणित सुटलं नाही. ते तिने रद्दीतल्या पुस्तकांवरून पुरं केलं. वस्तीतल्या बुद्धविहारामागे एक लांबट खोली आहे. तिथे ती बँक, रेल्वे, कारकुनी असल्या भरतीच्या परीक्षांची पोरं तयार करते. जीभ तिखट. पाण्यासाठी मोर्चा निघाला की घोषणा तिच्याच, आणि वर्गसुद्धा ती मोर्चासारखाच चालवायची.

“शून्य कशाने येतं?”

“दहाने!”

“दहा कशाने होतो?”

“दोन गुणिले पाच!”

“दोन किती पडलेत?”

“ढीगभर!”

“मग मोजायचं काय?”

“पाच!”

बरोबरच आहे. दर दुसऱ्या आकड्यात दोन सापडतो; पाच मात्र दर पाचव्यातच. जितके पाच, तितक्या जोड्या, तितकी शून्यं. शंभरपर्यंत पाचाच्या पटीतले आकडे वीस. पण पंचवीस म्हणजे पाच गुणिले पाच, त्याच्या पोटात पाच दोनदा बसलेला. तसेच पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर. हे चार जास्तीचे धरले की वीस आणि चार, चोवीस.

ह्याची तिने घोषणा केली होती: “पाचाने भागा, पंचवीसने भागा, बेरीज मारा, पुढे चला!” भागून अपूर्णांक आला तर तो टाकून द्यायचा. पोरं ती जिन्यावरून उतरतानासुद्धा म्हणायची.

घोषणेला तिसरी ओळ होती. पहिल्या तुकडीला तिने ती शिकवलीसुद्धा होती. पण जुने पेपर चाळून तिने पाहिलं की विचारणारे शंभरच्या पुढे जातच नाहीत. परीक्षा तर घड्याळाशी मारामारी. नको तिथे एक पायरी कशाला? तिने ती कापली. घोषणा छोटी हवी, हे तिला चळवळीने शिकवलं होतं.

त्या खोलीत तेजल बसायची, खिडकीच्या कडेला. तिची आई शेवंती मुलुंडच्या एका हॉस्पिटलात साफसफाई करते. तेजल आधी दोनदा थोडक्यात राहिली होती. ह्या खेपेला नाही तर कधीच नाही. पुढच्या भरतीला ती वयात बसणार नव्हती. शेवंती चेतनाला एवढंच म्हणाली होती, “तुझ्या हवाली केलीय, बाई.”

परीक्षेच्या दिवशी चेतना पोरांबरोबर केंद्रावर जाते, हा तिथला रिवाजच. आया ड्युटीवर असतात, मग गेटवर ताई उभी. पिशवीत केळी, पाण्याच्या बाटल्या, पोरांचे बंद केलेले फोन.

त्या दिवशी केंद्र अंधेरीला होतं, कारखान्यांच्या गाळ्यांमधल्या एका बिल्डिंगीत. गेटवर काळ्या कपड्यांतले रक्षक, खांबावर कॅमेरा, आणि भिंतीवर लाल अक्षरांत बोर्ड: पेपरातल्या प्रश्नांची चर्चा करणाऱ्यावर कारवाई होईल. चेतनाने तो वाचला आणि तोंड वाकडं केलं. असले बोर्ड ती रोज वाचते.

तिच्याच वर्गातल्या अनिरुद्धचा पेपर सकाळच्या पाळीत होता, तेजलचा दुपारच्या. अनिरुद्ध बाहेर आला तेव्हा दुपारची पोरं आत अंगणात रांगेला लागलेली होती. गेटला कडी पडली होती. जाळीच्या पलीकडे तेजल उभी होती, हातात ओळखपत्र घेऊन. तिची अजून झडती व्हायची होती.

“ताई, झकास गेला!” अनिरुद्धने केळं सोलायला घेतलं. “आपला शून्यवाला पण आला ना. एकशेतीसचा! सव्वीस आणि पाच, एकतीस. लोक डोकं खाजवत होते, मी टिक मारून पुढे.”

“शाब्बास रे,” चेतना म्हणाली. आणि शब्द तोंडात असतानाच ती मनात पुन्हा मोजायला लागली.

एकशेतीस. म्हणजे एकशेपंचवीस ओलांडला.

एकशेपंचवीस म्हणजे पाच, पाच आणि पाच. त्याच्या पोटात तीन. पहिला पाचाने भागताना मोजला, दुसरा पंचवीसने भागताना. तिसरा कुणीच मोजला नाही. तो मोजायची ओळ तिने स्वतःच्या हाताने कापली होती.

“बत्तीस,” ती पुटपुटली.

“काय?”

“बत्तीस रे. तुझं चुकलं. माझं चुकलं.”

अनिरुद्धचं केळं हातातच राहिलं. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती जाळीकडे. सकाळी शंभराच्या पुढे गेले, ते दुपारी मागे येणार होते का? आकडा बदलतील, गंमत तीच ठेवतील. आणि तेजल आत जाऊन तीच घोषणा म्हणणार, बिनचूक, जशी शिकवली तशी.

रांग पुढे सरकली. तेजलच्या पुढे दोघीच उरल्या.

चेतना गेटला जाऊन भिडली. “साहेब, एक मिनिट. त्या पोरीला एक शब्द सांगायचाय.”

“आता नाही, मॅडम. मागे व्हा.”

“अहो, उत्तर नाही सांगत, पद्धत सांगायचीय!”

“मॅडम, मागे!”

गप्प बसणं चेतनाला आलं असतं, तर ती चेतना कशाला? तिने दोन्ही हातांनी जाळी धरली आणि मोर्चातला आवाज काढला.

“तेजल! पंचवीसवर थांबू नकोस! पुढेही पाचाचीच पट असते! भागत जा, भागेपर्यंत!”

सगळं अंगण वळलं. बाहेरचे पालक वळले. तीन-चार फोन वर झाले. तेजलने ताईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कळल्याचा उजेड आला आणि लगेच विझला, कारण एका रक्षकाने तिचा दंड पकडला होता.

“हात सोड तिचा!” चेतना ओरडली. पण ह्या वेळी तिच्या आवाजाने कोणी हललं नाही.

तेजलला कोपऱ्यात घेतलं. आतून कुणीतरी साहेब आला, फोनवर बोलला, तिच्या ओळखपत्राचा फोटो काढला. बऱ्याच वेळाने तिला आत सोडलं, पण सगळ्यांच्या शेवटी, आणि तिच्या नावापुढे काहीतरी लिहून. काय लिहिलं ते गेटवरून दिसलं नाही. अनिरुद्ध हळूच म्हणाला, “ताई, वाट लागली का गं?” चेतनाने त्याच्याकडच्या केळ्याची साल घेतली आणि उगाच पिशवीत भरली.

संध्याकाळी तेजल बाहेर आली. पांढरीफटक.

“आला?” चेतनाने विचारलं.

“आला. अडीचशेचा. पर्यायांत साठ होतं, ताई. पन्नास आणि दहा. मी तेच मारणार होते. मग तुमचं आठवलं. एकशेपंचवीस दोनदा जातो. बासष्ट केलं.”

“बरोबर केलंस.”

“बरोबर आहे, म्हणूनच भीती वाटतेय,” तेजल म्हणाली.

पोरगी ताईपेक्षा पुढचं बघत होती.

डोंगरावर पोचेपर्यंत व्हिडिओ त्यांच्याआधी पोचला होता. कुणीतरी मागचापुढचा भाग कापून तो सगळीकडे पसरवला होता. त्यात एवढंच होतं: जाळीला लटकलेली एक बाई, “तेजल! पंचवीस...” आणि वळणारी पोरगी. खाली ओळ: गेटवरून उत्तर फोडणारी घाटकोपरची ताई.

शेवंती ड्युटीवरून थेट विहारामागच्या खोलीत आली. तिने तो व्हिडिओ कुणाच्या तरी फोनवर पाहिला होता. ती शिव्या देईल, म्हणून चेतना अंग आवळून उभी राहिली. शेवंतीने शिवी दिली नाही. तिने कोपऱ्यातलं तेजलचं दप्तर उचललं आणि म्हणाली, “चल गं घरी.” चेतनाकडे वळूनही बघितलं नाही.

मग निरोप आला. तेजलचा निकाल रोखलेला. चौकशी सोमवारी, भरतीवाल्यांच्या वांद्र्याच्या कचेरीत, तेजलसोबत चेतनालाही बोलावणं. तिथला कारकून लवू चव्हाण चांगला माणूस. त्याने फोनवर आपणहून सावध केलं.

“ताई, साहेब गणितात शिरणार नाहीत. ते विचारणार, तुम्ही ओरडलात आणि त्याच प्रश्नाचं उत्तर पोरीचं बरोबर कसं?”

“अहो, पंचवीस हे उत्तरच नव्हतं! उत्तर बासष्ट. पर्यायांत पंचवीस होता का ते बघा ना.”

“ते म्हणतात, खूण असेल.”

“खूण? ती शिकवणी आहे, शिकवणी!”

“मग असंही विचारतील, नेमकी तीच शिकवणी तुम्हाला नेमकी तेव्हाच का आठवली?”

गाठ तिथेच होती. खरं सांगायचं, तर सांगावं लागणार की सकाळच्या पाळीतल्या एका पोराने गेटवर प्रश्न बोलून दाखवला. म्हणजे अनिरुद्ध गेला. न सांगावं, तर तेजल गेली. एका पोराला वाचवायला दुसरं पोर ढकलायचं, आणि दोघांना ती अर्धी घोषणा शिकवणारी आपणच.

पहिल्या दिवशी अनिरुद्ध म्हणाला होता, “ताई, माझं नाव घेऊ नको ना. प्लीज.” तिने शब्द दिला होता. रागारागाने दिला, पण दिला. मग तो खोलीवर यायचाच बंद झाला. काल त्याचा फोन आला.

“ताई, माझं नाव घे. मीच येतो. मी एकतीस मारलंय, ते त्यांच्या मशीनमध्ये आहे. सकाळच्या पाळीतला तुझा सगळा वर्ग तिथेच चुकलाय, बघू देत. उत्तर फुटलं असतं तर आम्ही कशाला चुकलो असतो?”

“तुझंही जाईल रे त्यात.”

“माहितीये. उगाच रडवू नको आता.”

चेतनाने भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. घोषणा अजून तशीच होती, दोन ओळींची. तिने तिसरी लिहिली आणि चौथ्या ओळीसाठी जागा सोडली, कारण सहाशेपंचवीसच्या पोटात पाच चारदा आहे. खोलीत एकही पोर नव्हतं. शेवंतीच्या दाराला दिवसाही कडी असते. चौकशीला तेजल येणार की नाही, हेसुद्धा अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्या दुपारी अंधेरीच्या त्या गेटबाहेर पालक पुष्कळ होते. ज्यांनी फोन वर केले होते, त्यातल्या कुणाकडे तरी चेतनाचं सगळं वाक्य असणार, “भागेपर्यंत”पर्यंतचं. तुम्ही त्यातले असाल, तर कापलेला व्हिडिओ पुढे ढकलणं थांबवा. पुरा व्हिडिओ शोधा, आणि तो घेऊन सोमवारी वांद्र्याला या. स्वतः या.