बहात्तरशे रुपयांचा फरक

ते पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिले तीन कागद फाडले, चौथा सगळ्यांना गेला, आणि तो जायला नको होता असं मला आजही वाटतं.

मी जळगावचा नाही. समुद्राकाठच्या गावातला, नववीत शाळा सोडलेला. चार वर्षं होड्यांची इंजिनं उघडण्यात गेली. मग बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, पुढे डिप्लोमा, आणि शेवटच्या फेरीत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तो इथे, घरापासून एक दिवस-रात्रीच्या प्रवासावर. वर्गात मी सगळ्यांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. म्हणून सगळे मला भाऊ म्हणायचे आणि म्हणूनच विद्यार्थी मंडळाचं खजिनदारपद माझ्याकडे आलं. "भाऊ पैसे खाणार नाही," असं अध्यक्ष भर सभेत म्हणाला. तो धुळ्याकडचा, तोंडाने फाटका. पण त्या एका वाक्यासाठी मी त्याचा आजही ऋणी आहे. शाळा सोडलेल्या माणसावर कुणी लिहायचं-वाचायचं काम विश्वासाने टाकत नाही.

त्या वर्षी आमच्यातल्या बारा जणांचे शोधनिबंध युरोपातल्या एका परिषदेत स्वीकारले गेले. मी जाणाऱ्यांत नव्हतो. नोंदणी आणि राहणं मिळून माणशी सहाशे युरो. मी मोबाईलवर भाव पाहिला, नव्वद रुपये, गुणाकार केला आणि सूचना लावली: "प्रत्येकी ५४,००० रुपये." विमानाचं आणि व्हिसाचं ज्याचं त्याने. सहाशे युरो असं कुठेच लिहिलं नाही. मला वाटलं, रुपयांत लिहिलं म्हणजे घरच्यांना समजेल.

सगळ्यात आधी पैसे भरले ते त्या बारांतल्या, जवळच्या सावद्याच्या मुलीने. सूचना लागल्याच्या चौथ्या दिवशी. केळीच्या खोडाच्या धाग्यावर तिचं काम होतं, चांगलं काम होतं, सर स्वतः म्हणायचे. घरी तीन काका, दोन आत्या, आणि मुलीने परदेशात जायचं की नाही यावर महिनाभर चाललेली बैठक. शेवटी वडिलांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "चौपन्न म्हणजे चौपन्न. तेवढे देतो, मग कोणी मले काही म्हणायचं नाही." तिने मला हे हसत सांगितलं होतं. पावती तिने घडी घालून वहीत ठेवली.

मग मी थांबलो. बँकेतून परदेशी पैसे पाठवायचे तर दरवेळी वेगळा आकार, म्हणजे चार्ज, वर तिकडच्या बँकेचा आकार. बारा जणांचे एकदम पाठवले तर तो एकदाच बसेल, असा माझा हिशेब. मला स्वतःचाच अभिमान वाटला होता. पाच जणांचे पैसे वेळेवर आले. बाकीचे आज देतो, उद्या देतो. परीक्षा आल्या, सुट्टी लागली. मी कुणाला टोचून बोललो नाही. मला पद दिलं होतं या लोकांनी, त्यांना कसं बोलायचं?

शेवटचे पैसे आले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. परिषदेचं बिल आणि परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म घेऊन मी बँकेत गेलो. परकीय चलनाच्या टेबलावरच्या बाईंनी मुंबईच्या शाखेला फोन लावला, आकडा कागदावर लिहिला आणि कागद माझ्याकडे फिरवला. एकशे दोन.

"मॅडम, मोबाईलवर एकशे एकच्या खाली आहे."

"तो मोबाईलचा. बँक विकते तो भाव वेगळा असतो. पाठवायचे का आज?"

मी त्याच कागदावर वजाबाकी केली. युरोमागे बारा रुपये. माणशी सहाशे युरोंना बहात्तरशे. त्यातला रुपयाभर मोबाईलचा भाव बँकेचा समजण्याच्या अडाणीपणाचा. बाकी सगळा थांबण्याचा.

भरायची मुदत आठ दिवसांवर होती. मी पत्र लिहिलं. त्यातला मुख्य भाग असा होता:

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, परिषदेचे शुल्क युरोमध्ये असून सूचना काढल्यानंतर युरोचा भाव वाढला आहे. शुल्क तेच, सहाशे युरो आहे. आयोजकांनी अगर मंडळाने ते वाढविलेले नाही. सूचनेच्या वेळी युरो नव्वद रुपये धरला होता, आज बँकेचा भाव एकशे दोन रुपये आहे. तरी भाववाढीमुळे प्रत्येकी रु. ७,२०० फरक होत आहे. सहकार्य करावे."

वाचलंत? सगळं खरं आहे. फक्त पैसे माझ्याकडे कधीपासून पडून होते, ते नाही. तिन्ही फाडलेल्या कागदांवर ते होतं.

अध्यक्ष पत्र घेऊन माझ्या खोलीवर आला. "भाऊ, बठ्ठा पैसा तुनाजोडे शे ना?"

"आहे, सगळा माझ्याकडेच. मंडळाच्या खात्यावर आहे. पासबुक दाखवू?"

"पासबुक नको दाखवू. तोंड दाखव. ते असं का झालंय?" तो हसला, पण बसला नाही.

दोन दिवसांत दहा जणांनी कुरकुरत पैसे टाकले. अकराव्याचे मी मागे लागून मिळवले. सावद्याच्या मुलीकडून काहीच नाही. तिसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेबाहेर भेटली. चेहरा उतरलेला.

"भाऊ, पप्पा खूश आहेत."

"मग बरं झालं की."

"तसं नाही. पत्र त्यांनी वाचलं. म्हणे, भाव वाढला, फरक आला, चांगलंय, तो तुझ्या वरखर्चाला ठेव."

मला कळेना. मग तिने सांगितलं. त्यांच्याकडे केळीचा भाव रोज निघतो, आणि जाहीर भावाच्या वर व्यापारी जे जास्तीचं देतो त्याला फरक म्हणतात. फरक हा देणाऱ्याने द्यायचा आणि शेतकऱ्याने घ्यायचा. त्या घरात भाव वाढला ही वाईट बातमी कधी आलीच नव्हती. तिच्या वडिलांनी भावांना बोलावून पत्र वाचून दाखवलं होतं: बघा, मुलीचे पैसे कॉलेजात वाढले.

"तू सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? काका पण बसले होते."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर एसटीने सावद्याला गेलो. वडील अंगणात होते, वाहन भरून नुकतंच गेलं होतं, पायाखाली केळीची पानं. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला. "तुमीच का खजिनदार? पोरगी लय नाव काढते तुमचं."

मी समजावलं. की इथे आपण विकणारे नाही, घेणारे. युरो विकत घ्यायचा, तो महाग झाला. फरक येणार नाही, द्यायचा आहे. ते लगेच समजले. भावाचा माणूस तो, त्याला काय समजवायचं. स्वतःवरच हसले. "म्हणजे आमी उलटंच धरलं! भावांना पेढे वाटले नाही तेवढं बरं." मुलगीही हसली. मला वाटलं, सुटलो.

मग त्यांनी कप खाली ठेवला.

"एक सांगा. आमचे पैसे तुमाले कव्हा भेटले?"

मी महिना सांगितला.

"तव्हा भाव काय होता?"

"नव्वद. बँकेत एक्याण्णव."

"मग तव्हाच काब्रं नाही घेतले?"

मी बँकेच्या आकाराचं कारण सांगितलं. बारा जणांचं एकदम. ऐकताना ते मान हलवत होते, पण ती मान होकाराची नव्हती.

"किती वाचला असता तो आकार?"

"माणशी हजार-दीड हजार."

"आणि जे मागून आले त्यांचा भाव आमाले लावता. आमचा माल पयल्या दिवशी तोलला, आणि भाव शेवटच्या दिवसाचा." आवाज अजिबात चढला नव्हता. "कमी भाव लावणारे व्यापारी पाह्यले आमी. हे नवीन आहे."

"काका, चूक माझी आहे. ते सात हजार मी भरतो."

"तुमी कायले भरता? तुमचं घर कुठे, तुमी खाता कुठे, पोरीनं सांगितलंय मले." मग मुलीकडे न बघता म्हणाले, "सात हजाराचं काही नाही. सात हजार मी आत्ता देईन. पण मी चौघांत बोललो होतो चौपन्न. आता त्यायले काय सांगू, की पोरीचे पैसे ठेवून घेतले आणि वर मागायले आले?"

"पप्पा, मी सांगते काकांना."

"तू काही सांगू नको," वडील म्हणाले.

ती घरीच राहिली. परतीच्या गाडीत मी एकटाच होतो.

त्या संध्याकाळी मी दुसरं पत्र लिहिलं. एकदाच, न फाडता. पैसे कोणत्या महिन्यात कोणाचे आले, मी का थांबलो, पहिल्या पाच जणांचं शुल्क त्याच आठवड्यात पाठवलं असतं तर त्यांना माणशी सहाशेच्या आसपास फरक आणि बँकेचा आकार एवढंच पडलं असतं, आणि ही चूक खजिनदाराची आहे, युरोच्या भावाची नाही. अध्यक्षाने सभा घेतली. उशिरा भरणाऱ्या सात जणांनी पहिल्या पाचांचा फरक वाटून घ्यावा असं ठरवायचं होतं. चौघे तयार झाले. तिघे म्हणाले, आम्हाला कोणी सांगितलं होतं का, की उशीर केला तर भाव लागेल? खरंच होतं. मी सांगितलं नव्हतं. सूचनेत युरो हा शब्दच नव्हता.

चौघांनी दिलेल्यातून तिचे बहात्तरशे निघत होते. अध्यक्षाने तिच्या वडिलांना फोन केला, सगळं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं: "वर्गणी काढून पोरगी पाठवू का मी?"

मुदतीच्या दिवशी मी अकरा जणांचे पैसे पाठवले. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, बारा होते ना? मी बिलावरचं एक नाव खोडून सही केली. परिषदेचा नियम होता की निबंध मांडायला लेखक हजर पाहिजे. तिचा निबंध त्यांच्या यादीतून गेला.

तिचे चौपन्न हजार मी चेकने परत दिले. मंडळाच्या खोलीत ती आली, खिडकीशी उभी राहून चेक नीट वाचला.

"पावतीवर सही कुठे करू, भाऊ?"

मी जागा दाखवली. तिने आपलं, वडिलांचं, आडनाव असं पूर्ण नाव लिहिलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने विचारलं, "पुढच्या वर्षी खजिनदार तुम्हीच का?"

"नाही. राजीनामा लिहून ठेवलाय."

"देऊ नका. नवा येईल तो परत हेच करील. तुम्हाला आता माहीत झालंय." मग चेक वहीत घालून ती प्रॅक्टिकलला गेली.