गच्चीवरून दाखवलेलं घर

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा माझी नोकरी ऑडिटची होती. ठेकेदारांच्या बिलांतली मोजमापं तपासायची, भिंत फुटाने जास्त दाखवली की धरायचं. त्याच मी स्वतःचं घर न मोजता घेतलं. आता हसायला हरकत नाही.

शेजारच्या ब्लॉकमध्ये माझा मित्र. आम्ही दोघेही महाराष्ट्रातून बदलून आलेलो. गणपतीच्या वर्गणीपासून मुलांच्या अॅडमिशनपर्यंत सगळं एकत्र. नव्वदीच्या त्या दिवसांत गुडगावकडे शेतांतून टॉवर उगवत होते आणि ऑफिसच्या डब्यांबरोबर ब्रोशर उघडली जात होती. मित्राने तिथे एका फ्लॅटचं बुकिंग केलं होतं. एके दिवशी तो म्हणाला, "यार, तू घे माझं. मला ऑफिसच्या सोसायटीत मिळतोय. हजार फूट, नऊशेचा रेट. बुकिंग दुसऱ्याला देताना लोक वर प्रीमियम घेतात, मी तुझ्याकडून एक पैसा घेणार नाही."

त्या रात्री मी टेप घेऊन आमचा क्वार्टर मोजला. आतून आतून, भिंती सोडून, साडेसहाशे फूट भरला. "म्हणजे दीडपट!" मी बायकोला सांगितलं. आई नाशिकहून कायमची आमच्याकडे यायची होती आणि तिची एकच अट होती. "मला हॉलमध्ये झोपवू नका. दार लावता येईल अशी खोली द्या." ब्रोशरमध्ये दोन बेडरूमशिवाय एक स्टडी होती. ती आईची, हे ठरून गेलं.

साइट पाहायला मित्रानेच नेलं. खाली प्लास्टर ओलं आहे, म्हणत थेट गच्चीवर घेऊन गेला. "हवा बघ हवा!" मी हवा बघितली. परतताना त्यालाच चिडवलं, "तू सोसायटीत अकराशेचा रेट देणार? बिल्कुल वेडा आहेस." तो हसला. फारच समजूतदार हसला.

ताबा मिळाल्यावर आईचा पलंग आणला. स्टडीत तो बसला, पण मग दार उघडेना. दार उघडायचं तर पलंग बाहेर. बायको म्हणाली, "अहो, हजार फूट गेले कुठे?"

वास्तुशांतीला मित्र सहकुटुंब आला. पुरणपोळीवर तूप घेताना बायकोने त्याला दाराचं रडगाणं ऐकवलं. "वहिनी, दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं करून घ्या," तो चटकन म्हणाला. "सहा बाय सातच्या खोलीत दुसरा उपायच नाही. मी मोजली तेव्हाच माझ्या डोक्यात आलं होतं."

पोळी त्याच्या हातातच राहिली. माझी तोंडात.

"कधी मोजलीस?"

"अरे... असंच. एकदा."

मी त्याला बाल्कनीत नेलं. "खरं सांग, चालायला मिळते ती जागा किती?"

"कार्पेट साडेसहाशे," तो खाली बघत म्हणाला. "भिंती आणि बाल्कनी धरून बिल्ट-अप सातशेऐंशी. उरलेले दोनशेवीस जिना, लिफ्ट, लॉबीतला तुझा वाटा. सगळे बिल्डर असंच धरतात."

म्हणजे मी क्वार्टरचं कार्पेट या सगळ्याशी ताडून पाहिलं होतं. नवं घर नेमकं क्वार्टरएवढंच होतं.

"आणि तुझं?"

"अकराशे बिल्ट-अपवर. आठशे फूट. कार्पेट सहाशेऐंशी."

हिशोब मी तिथेच केला, अखेर ऑडिटवाला. माझे नऊ लाख साडेसहाशेंवर पसरले की चालायच्या फुटाला जवळजवळ चौदाशे. त्याचे आठ लाख ऐंशी हजार सहाशेऐंशींवर, तेराशेच्या आत. ज्याला मी महागड्या रेटवरून हसत होतो, त्याला तीस फूट जास्त मिळाले होते आणि वीस हजार कमी लागले होते.

"तुला माहीत होतं. म्हणून तू सुटलास आणि मला अडकवलंस."

"तू रेट विचारलास, मी रेट सांगितला. कार्पेट विचारलं असतंस तर सांगितलं असतं, यार. आणि प्रीमियम तर नाही ना घेतला?"

"आईच्या खोलीचं तुला सांगितलं होतं मी."

आत जाऊन त्याने आईच्या पाया पडून निरोप घेतला, तिने त्याच्या हातात लाडवांचा डबा दिला.

दार बाहेर उघडायचं केलं तर ते स्वयंपाकघराच्या दारावर आपटायचं. शेवटी ते काढून पडदा लावला. आई तक्रार करणारी नव्हती. फक्त कपडे बदलायची वेळ आली की दोन्ही हातांनी पडद्याची टोकं धरून "येऊ नका रे कोणी" म्हणायची.

आणि मधूनच पडद्याआडून विचारायची, "तुझा तो मित्र हल्ली येत नाही का रे? गुणी मुलगा. आजच्या दिवसांत एक पैसा जास्त घेतला नाही."

"कामात असतो," मी म्हणायचो.