लिंबांचा मेसेज आणि अंकिताची व्हायवा

केमच्या अंकिता तळेकरनं सोलापुरात सायबर सुरक्षेत एम.टेक. करायला घेतलं तेव्हा गावात दोन मतं पडली. पोरगी आता सगळ्यांचे मोबाइल फुकटात दुरुस्त करून देणार, हे एक. आणि हिच्यासमोर फोन काढू नका, सगळं वाचती, हे दुसरं. तिच्या वडिलांना, कुंडलिकरावांना, दोन्ही मतांचा सारखाच अभिमान होता.

प्रत्यक्षात अंकितानं दोन वर्षं खपून एक मॉडेल बनवलं होतं. मराठीतून येणारा मेसेज फसवणुकीचा आहे की खरा, हे ते सांगायचं. आणि अठ्ठ्याण्णव टक्के वेळा बरोबर सांगायचं. हा आकडा तिच्या गाइडना, संगप्पा कोरे सरांना, इतका आवडला की त्यांनी तो आधी प्राचार्यांना सांगितला, मग कॅन्टीनवाल्याला सांगितला, आणि शेवटी एका परिषदेला शोधनिबंध म्हणून धाडून दिला. निबंधावर पहिलं नाव सरांचं होतं. अंकिताचं दुसरं होतं, म्हणजे होतं तरी.

पुण्यातल्या एका कंपनीनं तिला सुरक्षा विभागात घेतलंही होतं. अट एकच, एक तारखेला निकाल हातात घेऊन हजर व्हायचं. व्हायवा, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा, पार पडली की निकाल लागणार होता, त्यामुळे आता फक्त तीच उरली होती.

व्हायवेची तयारी कशी करायची याची त्या विभागात एक थोर परंपरा होती. मागची बॅच पुढच्या बॅचला तयार उत्तरं देऊन जायची. अभ्यासाच्या मर्यादा विचारल्या तर म्हणायचं, 'डेटा कमी होता, पुढे वाढवू.' पद्धत हीच का निवडली, तर 'हिचा निकाल सर्वांत चांगला आला.' निष्कर्षाच्या वैधतेला कोणते धोके आहेत, तर 'सर्व काळजी घेतली आहे.' जणू धोका म्हणजे पाहुणा, आपण दार लावून घेतलं की तो परत जाणार. सरांनी ही उत्तरं कधी दिली नाहीत, पण कधी अडवलीही नाहीत.

अंकितानं उत्तरं चोख पाठ केली आणि लॅबमध्ये अल्तमशला बाहेरचा परीक्षक व्हायला बसवलं. अल्तमश तिचाच वर्गमित्र, सोलापुरातच विजापूर वेशीजवळ राहणारा. त्याची व्हायवा आदल्या आठवड्यात झाली होती, त्यामुळे तो आता अनुभवी माणसासारखा खुर्चीत रेलून बसायचा.

"वैधतेला धोके?" त्यानं भारदस्त आवाज काढला.

"सर्व काळजी घेतली आहे."

"बरं. मग चालवून दाखवा की. कुठलाबी साधा मेसेज टाका."

अंकितानं फोन उघडला. सगळ्यात वर आईचा मेसेज होता. बजाबाई फोनशी बोलून मेसेज लिहायच्या. 'केमच्या गाडीनं लिंबं पाठवलीत, स्टेशनवर जाऊन घे.' अंकितानं तो मॉडेलला दिला.

फसवणूक, मॉडेल म्हणालं. खात्री नव्व्याण्णव टक्के.

अल्तमश हसून हसून खुर्चीतून घसरायचा राहिला. "तुझी आई लई डेंजर बाई दिसती की." मग त्याला चेव चढला. 'जेवलीस का?' फसवणूक. 'बाबांचा गुडघा दुखतोय.' फसवणूक. शेवटी त्यानं इंग्रजीतला एक अस्सल भामट्याचा मेसेज टाकला, तुमचं खातं बंद होतंय, ही लिंक दाबा, असा. मॉडेलनं त्याला मोठ्या आदरानं खरा ठरवलं.

आता अंकिता हसत नव्हती. काय झालंय ते तिला एका क्षणात कळलं. फसवणुकीचे मेसेज तिनं मराठीतले गोळा केले होते. खऱ्या मेसेजसाठी मात्र घरगुती बोलणं कोण देणार? नवराबायकोचं भांडण संशोधनासाठी कोणी देत नाही. म्हणून तिनं कॉलेजातल्या मुलांच्या फोनमधले बँकांचे, कंपन्यांचे मेसेज घेतले, आणि ते जवळजवळ सगळे इंग्रजी होते. मॉडेल बिचारं फसवणूक शिकलंच नव्हतं. मराठी दिसलं की चोर आणि इंग्रजी दिसलं की साव, एवढंच ते शिकलं होतं. चाचणीचे मेसेजही त्याच ढिगातले, त्यामुळे तिथंही ते अठ्ठ्याण्णव टक्के हुशार ठरलं.

"हे इंटर्नल व्हॅलिडिटीतच, आतल्या वैधतेतच गेलं," अल्तमश आता गंभीर झाला होता. "उत्तर बरोबर आलं, पण भलत्याच कारणानं आलं. सोलापूरच्या बाहेर चालंल का, हा नंतरचा प्रश्न. हे हितंच चालत न्हाय."

पुढचे चार दिवस अंकितानं मैत्रिणी आणि नातेवाईक यांच्या हातापाया पडून साधे मराठी मेसेज मिळवले. संमती घेतली, नावं आणि नंबर काढून टाकले. मॉडेलनं दहातले नऊ फसवणुकीचे ठरवले. नव्यानं शिकवायचं तर दोन्ही बाजूंना दोन्ही भाषा हव्यात, आणि तेवढे मेसेज जमायला महिने लागणार होते. ती या चाचणीचा तक्ता घेऊन सरांकडे गेली.

सरांनी तक्ता पाहिला. मग खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं स्कूटर स्टँडशिवाय काही नव्हतं.

"प्रबंध जमा झालाय," ते म्हणाले. "आता हे कुठं काढतीस? डेमो मागितला तर नेटवर्क नाही म्हणायचं."

"सर, ते नेटवर्कशिवाय चालतं."

"ते त्यांना कुठं माहितेय?" सरांनी आवाज मऊ केला. "तुझी नोकरी आहे, माझा निबंध आहे. सगळं नीट चाललंय ना, बाळ?"

बाळाला रात्रभर झोप लागली नाही. सर वाईट माणूस नव्हते. वर्गात तिची बाजू घेणारे, तिच्या हॉस्टेलच्या भानगडी निस्तरणारे तेच होते, आणि म्हणून तिला जास्त राग येत होता. तक्ता तिनं स्लाइडमध्ये घातला, काढला, परत घातला, आणि सकाळी निघताना काढून टाकला.

बाहेरच्या परीक्षक बाई पुण्याहून आल्या होत्या. पहिली वीस मिनिटं त्यांनी समासांच्या रुंदीवर घालवली, तेव्हा संगप्पा सरांच्या चेहऱ्यावर तेज आलं. मग त्यांनी संदर्भसूचीतला एक स्वल्पविराम पकडला. सरांनी चहा मागवला. अंकिताला वाटलं, सुटले.

बाईंनी प्रबंध मिटला. "एकच विचारते. तुमच्या आईच्या फोनमध्ये हे मॉडेल बसवाल का?"

सगळी पाठ केलेली उत्तरं अंकिताच्या डोक्यात होती. त्यातलं एकही या प्रश्नाला लागू पडत नव्हतं. सर तिच्याकडे बघत होते.

"नाही बसवणार," ती म्हणाली. आणि मग लिंबांपासून तक्त्यापर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. मध्ये सरांना दोनदा खोकला आला, तिनं थांबून पाणी पुढं केलं आणि पुन्हा बोलू लागली.

बाईंनी बराच वेळ काही लिहिलं. व्हायवा समाधानकारक, असा शेरा दिला. मात्र डेटा नव्यानं गोळा करून चौथं प्रकरण पुन्हा लिहायचं, तोवर निकाल राखून ठेवायचा. संगप्पा सरांना त्यांनी अगदी सौम्यपणे निबंध परत मागवायला सांगितलं. अंकितानं कंपनीला कळवलं, आणि संध्याकाळी उत्तर आलं की जागा थांबवून ठेवता येणार नाही, शुभेच्छा.

हॉस्टेलच्या जिन्यात बसून अंकितानं केमला फोन लावला. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण आवाजानं ऐकलं नाही. बजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"सरांनी बी झाकायला सांगितलं, अल्तमश बी कुणाला सांगनार नव्हता," त्या म्हणाल्या. "कुणालाच कळलं नसतं. मग कशापाय बोललीस?"

अंकितानं ओढणीनं नाक पुसलं.

"विचारलं की त्यांनी, आई."