पाठीत वाढलेला दीड इंच

तमाम ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, घाटाच्या कडेला दाटीवाटीने बसलेल्या पाव्हण्यांनो आणि लांबून आलेल्या रसिकहो! एक अत्यंत महत्त्वाची सूचना शांतपणे ऐकून घ्या. पिंपळवंडी मुक्कामी राहणाऱ्या एका इसमाची पाठ उजव्या अंगाने दीड इंच वाढलेली आहे. इसमाचे वय अठ्ठेचाळीस. या वयात वाढायला फक्त पोटाला परवानगी असते, पाठीला नाही. तरी कृपया कोणीही घाबरून जाऊ नये.

तो इसम मीच. बैलगाड्यांच्या शर्यतीत, घाट म्हणतात त्या धावपट्टीच्या कडेला, माइकवर बोलणं हा माझा हंगामी धंदा आणि कायमचा आजार. हा दीड इंच शोधून काढला माझ्या बायकोने. ती घरी शिलाई करते आणि तिचा एक नियम आहे: नवं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, मग समोर नवरा का असेना.

"सरळ उभं राहा."

"सरळच उभा आहे."

"मग मुंढ्यामागं हे काय वर आलंय?"

"घराण्याची गाठ आहे. वडिलांकडून आली."

"घराण्याची माहिताय मला. पण मागला शर्ट शिवला तवा ही एवढी न्हवती. दुखतं का?"

"जरासं."

"जरासं म्हंजे लई," ती म्हणाली आणि टेप गुंडाळून ठेवली. कापड तसंच न कापता कपाटात गेलं.

इथे आमच्या घराण्याची ओळख करून द्यायला हवी. आमच्या हाडांना, सांध्यांजवळ जिथे ती वाढतात तिथे, गाठी येतात. आत हाड आणि वर कूर्चेची, म्हणजे मऊ कुरकुरीत हाडाची, टोपी. मूल वाढतं तशा त्याही वाढतात, आणि वाढ थांबली की त्याही थांबतात. निदान थांबायला हव्यात. आईबापांपैकी एकाला हा प्रकार असला, तर प्रत्येक लेकराला तो मिळण्याची शक्यता निम्मी. वडिलांना होता, मला मिळाला, आणि माझ्या एकुलत्या एक लेकीनेही वारसाहक्काने उचलला.

माझा डावा हात त्यापायी आखूड आणि कमानीसारखा वाकलेला आहे. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, त्यातलं एक मागे राहिलं, दुसरं त्याला ओढून घेत वाकलं आणि कोपरात जागेवरून सरकलं. तळहात उताणा होतच नाही. शाळेत छडी मारताना गुरुजी म्हणायचे, दुसरा हात पुढे कर. मी हा वाकडा हात पालथाच पुढे करायचो. त्यांना वाटायचं मी थट्टा करतोय. वडील म्हणायचे, पोराची वाढ होऊ द्या, मग बघू. वाढ झाली आणि बघायला काही उरलं नाही.

उजव्या खांद्याच्या फऱ्याखालच्या, म्हणजे पाठीवरच्या चपट्या हाडाखालच्या, या गाठीबद्दल मात्र माझी तक्रार नव्हती. हात वर केला की आतून 'कट्' असा आवाज यायचा. गावातली पोरं तो ऐकायला रांग लावायची.

तर, मापानंतरच्या आठवड्यात आम्ही तिघं मंचरला गेलो. तिथे महिन्यातून एकदा पुण्याचे लहान मुलांच्या हाडांचे डॉक्टर येतात. गेलो होतो लेकीसाठी. तिचं वय अकरा. गुडघे एकमेकांना चिकटवले की घोट्यांमध्ये वीतभर अंतर. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर धरला.

"आतल्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर, एक लहानशी प्लेट बसवायची. ती आतली वाढ रोखून धरेल, बाहेरची चालू राहील, पाय हळूहळू सरळ होईल. पण त्यासाठी वाढ शिल्लक हवी. हिची अजून दोनेक वर्षं आहे."

"पुढच्या वर्षी केलं तर?" मी विचारलं. हे बोलताना मला वडिलांचा आवाज ऐकू आला, आणि तो माझ्याच तोंडातून येत होता.

"उशीर करत गेलात तर एक दिवस वाढ संपेल. मग हाड कापूनच सरळ करावं लागेल."

लेकीने विचारलं, "मग सगळ्याच गाठी काढून टाका ना एकदम."

"ज्या त्रास देत नाहीत त्यांना कशाला छेडायचं? शिवाय वाढीच्या जागेला लागून असलेली काढताना त्या जागेलाच इजा झाली तर?" डॉक्टर म्हणाले.

एवढ्यात बायको पुढे सरकली. "डॉक्टर, ह्यांची बी एक बघा. लपवतेत."

"मी पेशंट नाही," मी म्हणालो. दोन मिनिटांत माझा शर्ट खुर्चीवर होता. डॉक्टरांनी गाठ चाचपली, हात वर करायला लावला, आणि आत 'कट्' वाजलं तशी पुन्हा चाचपली.

"लहानपणी वाढते ते ठीक," ते म्हणाले. "मोठ्या माणसात गाठ नव्याने वाढली, दुखायला लागली, तर टोपीची जाडी बघावी लागते. थोड्याच लोकांत, पण कधीकधी ती कॅन्सरकडे वळते. खांद्याच्या नि कमरेच्या गाठींवर आमची जास्त नजर असते. एमआरआय करून घ्या."

"हंगाम संपला की करतो."

लेक खुर्चीतून उठली. "मग माझंपण हंगाम संपल्यावर."

"तुझं वेगळं आहे बाळा. तुझी वाढ संपेल."

"आणि तुमची वाढतीये! पप्पा, तुम्ही त्या मशीनमध्ये गेलात तरच मी जाणार ऑपरेशनला."

तिच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं की वकील करायची सोय उरली नाही.

आठवड्याने पुण्यात मी त्या बोगद्यात आडवा झालो. आतला खडखडाट ऐकून मला शर्यतीचा घाट आठवला आणि भीती घालवायला मी आपसूक सुरू केलं, "आणि आता गाडी सुटलेली आहे..." तोच कानात आवाज आला, "काका, बोलू नका, हलू नका, परत करावं लागेल." घाटावर मी हजारोंना गप्प करतो, काचेमागच्या एका मुलीने मला पाऊण तास गप्प केलं.

रिपोर्टसाठी डॉक्टरांच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं होतं. त्या दिवसांत घरी कोणी मला 'कट्' वाजवायला सांगितलं नाही. लेक मात्र रोज विचारायची, "आज दुखतंय?" मी नाही म्हणायचो. ती वहीत काहीतरी लिहायची, बहुधा माझं खोटं.

पुढचं आधीच सांगून टाकतो: पावसाळ्याआधी तिच्या दोन्ही गुडघ्यांना प्लेटा बसल्या, सव्वा वर्षात पाय सरळ झाले आणि प्लेटा निघाल्या. पण मला सांगायचंय ते मंचरच्या त्या खोलीतलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, फोटो दोनदा पाहिले. बायकोने माझा वाकडा हात धरला, चांगला हात सोडून.

"टोपी पातळ आहे, जेमतेम काही मिलिमीटर," डॉक्टर म्हणाले. "वाढली ती गाठ नाही. गाठ बरगड्यांवर घासून मध्ये पाण्याची पिशवी तयार झालीये. हात फार वर करता का तुम्ही?"

"माइक धरून, दिवसदिवस!" बायको हसली आणि लगेच पदराने डोळे पुसायला लागली. दरवर्षी दाखवायचं, त्रास वाढला तर गाठ काढू, तोवर काही कापायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आमच्या तिघांत एकच जण हसत नव्हतं. लेक डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे बघत उभी होती, आणि भरलेल्या दवाखान्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडली, "हे चीटिंग आहे! पप्पांचं काहीच कापायचं नाही, मग मी एकटीनेच का जायचं?"