धाकटीच्या पत्त्यावरून

फोटो स्टुडिओ दोघी जावांचा. धाकटी फोटो काढायची. थोरली मागच्या खोलीत प्रिंट काढायची आणि मेलही तीच बघायची. स्टुडिओचा, स्वतःचा, धाकटीचा, तिन्ही पत्त्यांवरचे मेल तिला एकाच यादीत दिसत. कौतुकाचे सगळे मेल धाकटीच्याच पत्त्यावर यायचे, आणि थोरलीच्या पोटात दुखायचं.

त्या दिवशी एका नवरीच्या आईने धाकटीला लिहिलं, "तुमच्या हातात जादू आहे." थोरलीचं डोकंच फिरलं. "फोटोत विशेष काही नसतं. खरं कसब प्रिंट काढणारीचं," असं फटकारून तिने पाठवूनही दिलं. मेल ज्या पत्त्यावर येतो, उत्तर आपोआप तिथूनच जातं. स्टुडिओच्या नावाने पाठवायचं, तर वरच्या ओळीत तो पत्ता निवडावा लागतो. एरवी न चुकता निवडणारी ती रागाच्या भरात विसरली.

तासाभरात उत्तर आलं. "एवढ्या मोठ्या कलाकार, आणि श्रेय मदतनीस बाईंना! केवढं मोठं मन तुमचं."

पाठीमागून धाकटीने ते वाचलं. "जाऊबाई, मी असं कधी लिहिलं?"

थोरलीने मेल बंद केला. "लिहिलंस की. मन मोठं ना तुझं."